फ्रेंच कोडी: शब्द सगळे येतात, मग उत्तर का येत नाही?

सायली_प

गेल्या महिन्यात आमच्या फ्रेंचच्या बाईंनी फळ्यावर एक कोडं लिहिलं. वर्गात आम्ही आठ जण, सगळे बी-वन, म्हणजे मधली पातळी, झालेले. कोडं असं:

केस्कि ए झोन ए कि आताँ?

म्हणजे, पिवळं आहे आणि वाट बघतंय, ते काय? आम्ही टॅक्सी म्हटलं, सूर्यफूल म्हटलं, एकाने पिकलेलं केळं म्हटलं. उत्तर निघालं झोनाताँ, म्हणजे जोनाथन हे माणसाचं नाव. 'झोन' म्हणजे पिवळा, 'आताँ' म्हणजे वाट बघतो. दोन्ही शब्द एकापाठोपाठ म्हटले की जोनाथन उभा! हे दोन्ही शब्द आम्ही पहिल्या दोन महिन्यांतच शिकलो होतो, तरी एकालाही सुटलं नाही.

घरी येऊन बराच वेळ विचार केला. माझं मत असं झालंय की आम्ही ते कोडं वाचलं, म्हणून अडलो. फळ्यावर 'आताँ'च्या शेवटी एक डी होता, तो उच्चारात नाही. जोनाथनमध्ये टी-एच होता, त्याचा उच्चार साधा त. दोन्हींची स्पेलिंगं एकमेकांच्या जवळपासही जात नाहीत आणि आवाज मात्र एकच. आपण फ्रेंच पुस्तकातून शिकतो, त्यामुळे शब्द ऐकला तरी डोक्यात आधी स्पेलिंगच येतं आणि उत्तर त्याच्यामागे दडून राहतं.

म्हणून या धाग्यात फ्रेंच मुद्दाम देवनागरीत लिहिते आहे. मोठ्याने म्हणा, डोळे मिटून म्हणा. 'झ' लिहिलाय तिथे 'प्लेझर'मधला आवाज घ्या. नाकातले तीन स्वर वेगळे ठेवलेत: आताँ मधला आँ, मातॅं मधला ॲं आणि सित्रों मधला ओं. आता चार कोडी देते. उत्तरं लगेच सांगत नाही.

१. केस्कि ए झोन ए कि कूर वीत? (पिवळं आहे आणि जोरात पळतंय, ते काय?)

२. केल ए ल कोंब्ल पूर अँ-नाव्यों? (विमानाच्या बाबतीत हद्द कोणती?) अशा 'कोंब्ल'च्या कोड्यांत 'हद्द झाली!' असं म्हणावं असा प्रसंग शोधायचा असतो.

३. मस्यो ए मादाम नेमार ओं-तँ फिस. कोमाँ सापेल-तील? (नेमार दांपत्याला एक मुलगा आहे. त्याचं नाव काय?)

४. केल ए ल फ्रुई क ले प्वासों नेम पा? (माशांना न आवडणारं फळ कोणतं?)

तुम्हाला ही कानाने सुटतात का? आणि माझं मत पटतं का?

पक्या

चौथं सुटलं!! ला पेश! पीचही पेश आणि मासेमारीही पेश. मासे बिचारे काय म्हणणार.

अण्णा_साताऱ्याचे

सायलीताई, धागा आवडला. लहानपणी आजी आम्हाला कोडी घालायची. 'तीन अक्षरी शब्द, पहिलं अक्षर काढलं तर अमुक, मधलं काढलं तर तमुक' अशी. फ्रेंच मला येत नाही. पण पहिल्याचं उत्तर चित्ता असावं. पिवळा असतो आणि पळतोही जोरात.

सायली_प

अण्णा, चित्ता तर्काने अगदी बरोबर आहे आणि मराठीत तेच उत्तर झालं असतं. पण या कोड्यांत तर्क पुरत नाही, उत्तराच्या शब्दाला दोन अर्थ असावे लागतात.

ल्योंकर

अण्णा, पहिल्याचं उत्तर 'अँ सित्रों प्रेसे'. मी नऊ वर्षं फ्रान्समधल्या ल्योंमध्ये आहे. इथे कॅफेत 'सित्रों प्रेसे' मागितलं की ग्लासात लिंबाचा रस, बाजूला पाण्याचा जग आणि साखर येते. पाणी-साखर आपणच हवी तेवढी घालायची. 'प्रेसे' म्हणजे पिळलेलं. आणि माणूस 'प्रेसे' असला की तो घाईत असतो. घाईतलं लिंबू, म्हणून जोरात पळतं.

सायली, इथे तुमचं मत थोडं डळमळतं बघा. 'प्रेसे'चं स्पेलिंग दोन्ही अर्थांना एकच आहे, तेव्हा वाचल्याने काहीच बिघडत नाही. इथे अडतं ते सित्रों प्रेसे नावाचं पेय कधी समोर आलेलं नसतं म्हणून.

आणखी एक सांगतो. इथली सहा वर्षांची पोरंही हे फेकतात: 'केस्कि से? युन फ्रेझ स्युर अँ शव्हाल.' घोड्यावर स्ट्रॉबेरी, ते काय? उत्तर: तागादा, तागादा, तागादा. तुमच्यापैकी कोणाला सुटेल?

निनाद_क

तागादा म्हणजे टापांचा आवाज असणार. पण स्ट्रॉबेरी कुठून आली?

ल्योंकर

'तागादा' हे इथल्या एका स्ट्रॉबेरीच्या आकाराच्या गुलाबी, साखर लावलेल्या गोळीचं नाव. ती गोळी खाल्लेल्याला कोडं सुटतं, दुसऱ्याला कितीही फ्रेंच आलं तरी नाही सुटत.

गोळ्यांवरून आठवलं. इथे काराँबार नावाची कॅरमेलची लांब कांडी मिळते. तिच्या कागदाच्या आत 1969 पासून कोडी आणि विनोद छापतात. त्यामुळे कोणी ओढूनताणून कोटी केली की फ्रेंच माणूस म्हणतो, 'हा काराँबारचा विनोद झाला'. 2013 साली कंपनीने जाहीर केलं की आता विनोद बंद, त्याऐवजी अभ्यासाचे प्रश्न छापू. लोक खवळले. काही दिवसांनी कळलं की ती घोषणाच थट्टा होती.

मध्यम पातळीवरच्या कोणालाही मी हे कागद जमवायला सांगेन. वाक्यं छोटी असतात, व्याकरण सोपं असतं आणि दुहेरी अर्थ नेमका रोजच्या शब्दांत असतो.

शाळेतली_आई

नमस्कार. माझ्या मुलाला आठवीत फ्रेंच आहे. प्रोजेक्टसाठी सोमवारपर्यंत दहा कोडी हवीत, चित्रांसकट. त्याने एक शोधलंय, त्याचं उत्तर कोणी तपासून देईल का? 'झ स्वी ग्राँद काँ झ स्वी झन, ए पतीत काँ झ स्वी व्हियेय. की स्वी-झ?' तरुण असताना मी उंच, म्हातारी झाल्यावर बुटकी. मी कोण? त्याने उत्तर लिहिलंय 'क्रेयों', म्हणजे पेन्सिल. वापरून वापरून छोटी होते ना?

चंद्रकोर

ताई, मुलगा हुशार आहे, विचार योग्य केलाय. पण उत्तर चुकलं आणि ते का चुकलं ते त्याला नक्की सांगा, कारण त्यात एक किल्ली आहे. कोड्यात 'ग्राँद' आहे, 'ग्राँ' नाही. 'पतीत' आहे, 'पती' नाही. 'व्हियेय' आहे, 'व्ह्यो' नाही. तिन्ही रूपं स्त्रीलिंगी. म्हणजे बोलणारी वस्तू स्त्रीलिंगी हवी आणि 'क्रेयों' फ्रेंचमध्ये पुल्लिंगी. आपल्या मराठीत पेन्सिल 'ती', म्हणून त्याला खटकलं नाही. उत्तर 'युन बुझी', मेणबत्ती.

मी वीस वर्षं फ्रेंच शिकवते आहे. 'मी कोण' प्रकारच्या कोड्यात मुलांना मी सगळ्यात आधी विशेषणं ऐकायला लावते. शेवटचा त किंवा द ऐकू आला की अर्धी नामं बाद झाली. निम्मं कोडं तिथेच सुटतं.

आता सायली, तुझ्या मताबद्दल. तुझं निरीक्षण बरंच खरं आहे, पण 'फक्त कान' म्हणशील तर मी हे कोडं देते:

झ कोमाँस ला न्युई, झ फिनी ल मातॅं, ए झापारे द फ्वा दाँ लाने. रात्र मी सुरू करतो, सकाळ मी संपवतो आणि वर्षात दोनदा दिसतो.

डोळे मिटून कितीही वेळा म्हण, सुटायचं नाही.

पक्या

रात्रपाळीचा वॉचमन. दोनदा दिसतो तो दिवाळीची आणि होळीची पोस्त मागायला.

सायली_प

पक्या, हे मात्र खरंच सुंदर जमलं!

चंद्रकोरताई, मी पाऊण तास लावला. शेवटी कागदावर लिहिलं तेव्हा दिसलं. एन हे अक्षर! 'न्युई'चं पहिलं अक्षर, 'मातॅं'चं शेवटचं आणि 'आने'मध्ये दोन एन. आणि 'मातॅं'मधला एन तर ऐकूच येत नाही, तो नाकातल्या स्वरात विरघळलेला असतो. म्हणजे कानावर विसंबले तर हे कोडं मला जन्मात सुटलं नसतं.

चंद्रकोर

बरोबर. आणि त्यातली दुसरी गंमत बघ. 'झ कोमाँस ला न्युई' याचा सरळ अर्थ 'मी रात्री सुरू करतो' असाही होतो. म्हणून पक्याचा वॉचमन व्याकरणाने एकदम चोख आहे. फ्रेंचमध्ये 'रात्री' आणि 'रात्रीला' या दोन्हींसाठी इथे तेच 'ला न्युई' येतं. मराठीत विभक्तीने लगेच भांडं फुटलं असतं.

निनाद_क

एकसारख्या आवाजाचे शब्द म्हटले की 'व्हेर' आठवतो. हिरवा, किडा, काच, कवितेची ओळ, 'च्या दिशेने', सगळे 'व्हेर'. त्यावरून सिंड्रेलाचा घोळही झाला. मूळ गोष्टीत तिचा बूट 'व्हेर' नावाच्या खारीच्या फरचा होता. लिहिणाऱ्याने ऐकून चुकीचं स्पेलिंग केलं आणि बूट काचेचा झाला. सायलीच्या मुद्द्याला हा पुरावा आहे.

चंद्रकोर

निनाद, शब्दांची यादी बरोबर आहे आणि फरचा 'व्हेर' हा जुना शब्दही खरा आहे. पण घोळाची गोष्ट उलटी आहे. पेरोने 1697 साली कथा छापली तिच्या मथळ्यातच काचेचा बूट आहे. काचेचा बूट घालून नाचणार कसं, तो फरचाच असणार, हा तर्क एकोणिसाव्या शतकात निघाला आणि बाल्झाकने तो उचलून धरला. परीकथेत भोपळ्याची बग्गी चालते तर काचेचा बूट का चालू नये?

निनाद_क

हे माहीत नव्हतं. मी कित्येकांना फरची गोष्ट सांगितली आहे, आता सगळ्यांना कळवतो. पण ताई, एवढे शब्द एका आवाजाचे झाले कसे, ते तरी सांगा.

चंद्रकोर

शतकानुशतकं शब्दांच्या शेवटची व्यंजनं गळत गेली. लिहिण्यात राहिली, बोलण्यातून गेली. 'हिरवा'च्या शेवटी टी, 'दिशेने'च्या शेवटी एस, किड्याच्या शेवटी काहीच नाही. बोलताना तिघांचं 'व्हेर'. पण गळलेलं व्यंजन मेलेलं नसतं, हे लक्षात ठेव. पुढे स्वर आला की कधीकधी ते परत उठतं. त्यावरच पुष्कळ कोडी उभी आहेत किंवा पडतात.

सायलीच्या तिसऱ्या कोड्याला अजून कोणी हात लावला नाही. मस्यो आणि मादाम नेमार. लावा बघू.

ल्योंकर

मला येतं, पण मी गप्प बसतो. फक्त याच घराण्यातलं सोपं कोडं देतो, त्यावरून रीत कळेल. मस्यो आणि मादाम तेर्यर यांना दोन मुलगे. नावं आलॅं आणि आलेक्स. आडनावासकट सलग म्हणा: आलॅं-तेर्यर म्हणजे 'आतमध्ये', आलेक्स-तेर्यर म्हणजे 'बाहेर'.

पक्या

म्हणजे एक पोरगा कायम घरात आणि दुसरा कायम कट्ट्यावर. आमच्याकडेही आहेत.

शाळेतली_आई

मुलाने सोडवलं!! तो म्हणतो मुलाचं नाव 'झाँ'. झाँ नेमार. 'झाँ-ने मार' म्हणजे 'मला वीट आला' असं त्यांच्या बाई रोज म्हणतात म्हणे.

सायली_प

शाब्बास! मला हे सोडवायला बाईंची मदत लागली होती. कारण त्यात 'आँ' हे सर्वनाम आहे, जे मी व्याकरणाच्या स्वाध्यायात बरोबर भरते आणि बोलताना कायम विसरते. 'झाँ-ने मार' मध्ये झ म्हणजे मी, आँ म्हणजे त्याचा आणि ने मधला न म्हणजे पुढच्या स्वरामुळे जागा झालेला आवाज. कोड्यामुळे ते सर्वनाम आता मला माणसाच्या नावासारखं लक्षात राहिलं आहे.

दुसऱ्याचंही सांगून टाकते. विमानाच्या बाबतीत हद्द म्हणजे 'दाव्वार अँ-नाँतिव्हॉल', त्याला आँतिव्हॉल असणं. गाडी-सायकलच्या चोरीविरुद्धच्या कुलपाला 'आँतिव्हॉल' म्हणतात. पण 'व्हॉल' म्हणजे चोरी आणि 'व्हॉल' म्हणजे उड्डाणही. उड्डाणविरोधी यंत्र बसवलेलं विमान!

ल्योंकर

मग आता एक सापळा. कोणीतरी घरच्या माणसाला समोर बसवा आणि म्हणा: 'पॅंस-मी ए पॅंस-म्वा सों दाँ-जँ बातो. पॅंस-मी तोंब आ लो. की एस की रेस्त?' पॅंस-मी आणि पॅंस-म्वा एका होडीत आहेत. पॅंस-मी पाण्यात पडला. उरलं कोण?

निनाद_क

पॅंस-म्वा. यात काय सापळा?

ल्योंकर

निनाद, तू 'पॅंस-म्वा' म्हणालास म्हणजे 'मला चिमटा काढ' म्हणालास. समोरचा काढतो! इथल्या शाळांच्या मैदानात रोज कोणीतरी फसतं.

चंद्रकोर

हे मी वर्गात पहिल्यांदा केलं तेव्हा दोन आठवडे मुलं एकमेकांना चिमटे काढत होती. पण आज्ञार्थी वाक्यात 'म' चा 'म्वा' होतो हा नियम पुन्हा शिकवावा लागला नाही. नकारात मात्र उलटं: 'न म पॅंस पा', चिमटा काढू नकोस. वाचायचं असेल तर तेही पाठ करून ठेवा.

अण्णा_साताऱ्याचे

आमच्या आजीची तीन अक्षरी कोडी होती तशी फ्रेंचमध्ये असतात का? शब्द तोडून तुकडे विचारायचे?

चंद्रकोर

असतात अण्णा, आणि ती तिथली जुनी आवडती. 'शाराद' म्हणतात. ठरलेला साचा आहे: मों प्रम्ये, माझा पहिला, मों सगों, माझा दुसरा, मों तू, मी संपूर्ण. 'सगों' लिहिताना सी आहे, म्हणताना ग, तेवढं सांभाळा.

मुलांकडून मी एक बनवून घेते, पायऱ्या अशा. आधी दोन स्वरांचा शब्द निवडायचा, समजा 'सूरी', उंदीर. आता स्पेलिंग विसरून आवाजावर तोडायचा: सू आणि री. सू म्हणजे जुनं नाणं, पाच साँतीमचं. री म्हणजे तांदूळ. तांदळाच्या शेवटी एक झेड लिहितात आणि उंदराच्या शेवटी एस, दोन्ही मुके, म्हणून चालतं. मग प्रत्येकाचं वर्णन:

मों प्रम्ये ए-त्युन व्हियेय प्येस द मोने. मों सगों पूस दाँ लो. मों तू आ पर द्यु शा.

पहिला जुनं नाणं, दुसरा पाण्यात उगवतो, संपूर्ण मांजराला घाबरतो. मुलं नेहमी एक चूक करतात, अक्षरांवर तोडतात. उंदराच्या स्पेलिंगमध्ये 'ओ' आणि 'यू' दिसले की 'ओ म्हणजे पाणी' शोधत बसतात. तिथे सायलीचं मत शंभर टक्के लागू पडतं.

अण्णा_साताऱ्याचे

सू आणि री! अर्थ एकही कळत नसताना मला सूरी ऐकू आलं. आमच्याकडे सुरीने भाजी चिरतात, तुमच्याकडे ती मांजराला घाबरते.

निनाद_क

मी एक बनवलं. मों प्रम्ये ए ल कोंत्रेर द मोव्हे. मों सगों ए-तँ पती फ्रुई. मों तू ए-त्युन ग्राँद व्हील. पहिला 'वाईट'च्या उलट, दुसरा छोटं फळ, संपूर्ण एक मोठं शहर.

सायली_प

बों आणि बे. बोंबे! फ्रेंच लोक मुंबईला बोंबे म्हणतात ना! निनाद, हे खूपच छान आहे.

निनाद_क

हो! आणि 'बे'चा दुसरा अर्थ उपसागर. 'चांगला उपसागर'. त्यावरूनच तर बॉम्बे नाव पडलं.

चंद्रकोर

कोडं उत्तम, शेवटचं वाक्य मागे घे. चांगल्या उपसागराची ती व्युत्पत्ती पोर्तुगीजवरून सांगतात आणि तीही नंतर जुळवलेली मानली जाते. मुंबादेवीचं नाव त्याआधीपासून आहे. कोड्यात मात्र 'छोटं फळ'ऐवजी 'समुद्राचा तुकडा' ठेवलंस तर सोडवणाऱ्याला शहराचा वास लवकर लागेल. फळच ठेव, ते जास्त अवघड.

ल्योंकर

शब्द तोडण्यावरून तो व्होल्तेरचा किस्साही इथे यायला हवा. चंद्रकोरताई सांगाल का?

चंद्रकोर

सांगते. व्होल्तेर 1750 पासून काही वर्षं पॉट्सडॅमला प्रशियाच्या फ्रेडरिक राजाकडे होता. राजाच्या महालाचं नाव साँसूसी, 'निश्चिंत'. किस्सा असा सांगतात की राजाने त्याला चिठ्ठी पाठवली. वर 'पे' अक्षर, त्याच्या खाली 'व्हने'. पुढे 'आ'. मग वर 'सी', त्याच्या खाली 'साँ'. 'खाली' म्हणजे 'सू'. वाचा: व्हने सू पे, आ साँ सू सी. म्हणजे 'साँसूसीला रात्रीच्या जेवणाला या'. व्होल्तेरने उत्तरात दोनच अक्षरं लिहिली: मोठ्या लिपीतला 'झे' आणि छोट्या लिपीतला 'आ'. झे ग्राँ, आ पती. झे ग्राँ आपेती, मला खूप भूक आहे!

किस्सा खरा की रचलेला, त्यावर मी पैज लावणार नाही. पण चिठ्ठी सोडवायला मध्यम पातळी पुरते.

निनाद_क

ताई, आता मी एक चूक काढू का? तुम्हीच म्हणालात, पुढे स्वर आला की मुकं व्यंजन उठतं. मग 'ग्राँ आपेती' नीट म्हटलं तर 'ग्राँ-तापेती' होईल. मोठा झे, छोटा आ यात तो त येत नाही. शिवाय छोटा म्हणजे 'पती', भुकेत 'पेती'. म्हणजे कोटी जुळतच नाही!

चंद्रकोर

अगदी बरोबर पकडलंस आणि मी वर्गात हे कधीच सांगत नाही! दोन ठिकाणी कोटी घसरते. तरी कोणाही फ्रेंच माणसाला ती चटकन कळते, कारण 'झे ग्राँ…' इतकं ऐकल्यावर कान पुढचं स्वतः पूर्ण करतो.

सायलीच्या पहिल्या कोड्यातही तसंच आहे. 'झोन'मधला ओ पॅरिसमध्ये बंद तोंडाचा आणि 'झोनाताँ'मधला उघडा. दक्षिण फ्रान्समध्ये दोन्ही उघडे, तिथे कोडं चपखल बसतं. पॅरिसचे लोक तेवढं माफ करतात.

सायली_प

हा मुद्दा मला मोलाचा वाटतो. म्हणजे नुसतं नीट ऐकणं पुरेसं नाही. थोडं चुकीचं ऐकण्याची तयारीही लागते. आणि किती चुकीचं चालतं, ते तिथे राहिल्याशिवाय कळतं का?

ल्योंकर

मला पाच वर्षं लागली. पण त्याआधीही कोडी सुटायची. नक्की कशाने, ते मला सांगता येत नाही.

हे सोडवून बघा. 'केल ए ल स्पोर ल प्लू फ्रुइते?' सगळ्यात फळाळलेला खेळ कोणता? उत्तर ला बॉक्स, मुष्टियुद्ध. कारण तोंडाला 'प्वार' म्हणजे नासपती म्हणतात, ठोशाला 'पेश' म्हणजे पीच किंवा 'मारों' म्हणजे चेस्टनट आणि बेशुद्ध पडण्याला 'तोंबे दाँ ले पॉम', सफरचंदांत पडणं. हे सगळं बोलीतलं आहे, पाठ्यपुस्तकात यातलं फारसं काही मिळत नाही.

शाळेतली_आई

हे प्रोजेक्टला घेतलं. चित्र काढायला सोपं आहे. दहा पूर्ण झाली, सगळ्यांचे मनापासून आभार!

सायली_प

आज एक करून पाहिलं. वर्गातल्या तिघांना 'नेमार', 'तेर्यर' आणि 'विमान' फोनवर आवाजात पाठवलं आणि तिघांना लिहून. आवाजवाल्यांनी नेमार आणि तेर्यर सोडवलं. लिहिलेल्यांना दोन्ही अवघड गेलं, पण विमान त्यांच्यातल्याच एकीने सोडवलं, कारण 'आँतिव्हॉल'मधले दोन तुकडे तिला मनात लिहिलेले दिसले. सहा जणांवरून मी काही सिद्ध करत नाहीये. पण माझं मूळ मत आता एवढंच उरलंय: शब्द जोडून उत्तर बनत असेल तर ऐका. एकाच शब्दाचे दोन अर्थ असतील तर वाचलं तरी चालतं. आणि अक्षराचं कोडं असेल तर कागद घ्या. अडचण अशी की कोडं कुठल्या जातीचं आहे ते सुटेपर्यंत कळत नाही.

चंद्रकोर

प्रश्न कसा विचारलाय त्यावरून बरंचसं कळतं. मस्यो-मादाम आणि मों प्रम्ये म्हणजे कायम कान. कोंब्ल म्हणजे बहुधा दोन अर्थ. 'मी सुरू करतो, मी संपवतो' आलं की अक्षर. 'केस्कि ए…' मात्र काहीही असू शकतं, त्याला माझ्याकडेही उपाय नाही.

अण्णा_साताऱ्याचे

मीही एक शाराद केलं. नातीने फ्रेंच शब्द दिले, तोडणं माझं. पहिला सारीपाटात टाकतात. दुसरा झोपायला लागतो. संपूर्ण शहर, पण निनादच्या शहरापासून बरंच उत्तरेला.

ल्योंकर

फासा 'दे', पलंग 'ली'. देली! अण्णा, साष्टांग नमस्कार.